व्हिजिटिंग कार्ड मजकुरात कसं उतरवावं: बारीक ओळी आधी, लोगो शेवटी

व्यापारी मंडळाची सभासद-सूची काढायची ठरली, की माहितीचा अर्ज कोणी भरून देत नाही. दुकानदार गल्ल्यातून किंवा खिशातून कार्ड काढतो आणि म्हणतो, "यात सगळं आहे, उतरवून घ्या." आमच्या मंडळात हे उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. नव्याने मदतीला येणाऱ्यांना दरवेळी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून ते एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

कार्ड दिसायला साडेतीन इंच बाय दोन इंच. पण त्यावर लोगोची वळणदार अक्षरं असतात, मराठी नाव एका फॉन्टमध्ये, इंग्रजी दुसऱ्यात, आणि खाली मुंगीएवढा पत्ता. नवा माणूस डोळ्याला आधी दिसतं ते आधी टाइप करतो, म्हणजे लोगो. तिथे अडतो, अंदाजाने काहीतरी लिहितो आणि पुढे तोच अंदाज धरून बाकीचं वाचतो. मी उलटं करायला सांगतो. काम बारीक ओळींपासून सुरू करा आणि लोगो शेवटी घ्या. तयार मजकुरात लोगोतलं नाव वरच्या बाजूलाच येईल. काम कोणत्या क्रमाने करायचं आणि मजकूर कोणत्या क्रमाने मांडायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदाहरण म्हणून एक कार्ड मी या लेखासाठी रचलंय. असं दुकान नाही, आणि नंबरांतले काही आकडे मुद्दाम फुल्यांनी झाकलेत. मोटार रिवाइंडिंगवाल्याचं नेहमीच्या धर्तीचं कार्ड समजा. वर मध्यभागी लाल बारीक अक्षरांत गणपतीचं नाव. उजव्या कोपऱ्यात मोबाइल. डावीकडे जोडून लिहिलेल्या इंग्रजी वळणात लोगो, त्यातल्या शेवटच्या अक्षराच्या जागी दिव्याचं चित्र. लोगोखाली लांब लांब सोडलेली कॅपिटल अक्षरं, त्याखाली ठळक मराठी नाव आणि तिरप्या अक्षरांत कामाची ओळ. उजवीकडे मालकाचं नाव. तळाला निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत पत्ता, फोन, ईमेल. डाव्या कडेला उभा छापलेला जीएसटी क्रमांक. पाठीमागे कामांची यादी आणि वेळ.

लागणाऱ्या गोष्टी

- मूळ कार्ड हातात. नुसता व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पुरत नाही, कारण तो पाठवताना दाबला जातो आणि बारीक अक्षरं आधी मरतात. कार्ड मिळणारच नसेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.
- स्कॅनर. नसेल तर बऱ्या कॅमेऱ्याचा फोन आणि खिडकीजवळची जागा.
- भिंग. पोथी वाचायचं साधं भिंग चालतं.
- स्कॅनची मोठी करून काढलेली प्रिंट आणि पेन्सिल.
- युनिकोड मराठी कीबोर्ड आणि साधा टेक्स्ट एडिटर. एक्सेल नंतर.

## १. कोणती नक्कल हवी ते आधी ठरवा

एक असते जशीच्या तशी नक्कल: कार्डावर छापलंय ते, छापलंय तसं, चुकांसकट. दुसरी असते संपर्काची यादी: नाव, पत्ता, फोन असे रकाने, नीट केलेले. दोन्ही एकदम करायला गेलात तर मधेच कुठेतरी तुम्ही शुद्धलेखन सुधारता, कुठे फोनच्या सुरुवातीला `+91` लावता, आणि नंतर कोणी विचारलं की कार्डावर नेमकं काय होतं, तर सांगता येत नाही.

म्हणून आधी जशीच्या तशी नक्कल करा. यादी तिच्यावरून नंतर तयार होते. आपल्या कार्डावर 'रिवायंडींग' आणि 'दुरूस्ती' असं छापलंय. नियमाने ते 'रिवाइंडिंग' आणि 'दुरुस्ती' हवं, पण नक्कल करताना हात आवरायचा. ती मालकाची पाटी आहे, आपली शुद्धलेखनाची वही नव्हे.

यासोबत तीन खुणा ठरवून घ्या आणि सगळ्या कार्डांना त्याच वापरा. एखाद्या अक्षराची खात्री नसेल तर त्याच्या जागी `[?]`. पूर्ण शब्द वाचता येत नसेल तर `[अवाच्य]`. आणि कार्डावर अक्षरात नसलेलं, तुम्ही आपल्याकडून घातलेलं काहीही चौकोनी कंसात. फोनचं छोटं चित्र असेल तिथे `[फोन]`, चौकोनी ठिपक्यांचं चित्र असेल तिथे `[क्यूआर कोड]`. कंसाबाहेर जे आहे ते सगळं कार्डावरचं, एवढा भरवसा वाचणाऱ्याला मिळाला पाहिजे.

## २. चित्र वाचण्याजोगं करा

कार्डावरचा पत्ता बऱ्याचदा ६ पॉइंटचा असतो. ६ पॉइंट म्हणजे इंचाचा बारावा भाग. ३०० डीपीआयला स्कॅन केलंत तर त्या ओळीला उंचीत २५ ठिपके मिळतात, आणि त्यातल्या छोट्या इंग्रजी अक्षराला साधारण बारा. बारा ठिपक्यांत `e` आणि `c` वेगळे दिसतील याची हमी नाही. ६०० डीपीआयला तेच दुप्पट होतं. म्हणून कार्डांसाठी स्कॅनर ६०० वर ठेवा. त्यापुढे जाऊन फारसा फायदा नाही, कारण तेव्हा छपाईचीच शाई पसरलेली दिसू लागते.

फोनने काढायचं असेल तर फोन कार्डाला चिकटवू नका. वीतभर अंतरावरून, दुप्पट झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत कडा वाकतात आणि धूसरही होतात. लॅमिनेट केलेल्या कार्डावर फ्लॅश पडला की मधला भाग पांढरा फटक. फ्लॅश बंद, उजेड खिडकीतून आडवा.

सोनेरी फॉइलची अक्षरं स्कॅनरमध्ये काळपट किंवा मातकट येतात, कारण फॉइल उजेड आरशासारखा भलतीकडे परतवते. गडद कार्डावर तर ती दिसतच नाहीत. तिथे स्कॅनरचा नाद सोडा. कार्ड हातात धरून उजेडात हळूहळू तिरपं करा. एका कोनावर अक्षरं लखकन उठतात, तेव्हा फोटो घ्या. आपल्या कार्डाच्या तळासारखी गडद पट्टीवर पांढरी अक्षरं असतील, तर चित्राचे रंग उलटे करून पाहा. काळ्यावर पांढऱ्यापेक्षा पांढऱ्यावर काळं वाचायला डोळ्याला कमी त्रास होतो.

उभी छापलेली ओळ असेल तर चित्र फिरवून तिचा वेगळा तुकडा कापून ठेवा. मान वाकडी करून वाचलेल्या ओळीत चुका हमखास होतात.

## ३. पेन्सिलीने गट पाडा

मोठ्या प्रिंटवर, टाइप करायच्या आधी, एकमेकांशी नातं असलेल्या ओळींभोवती रेघ ओढा. लोगो, त्याखालची कॅपिटल अक्षरं, मराठी नाव आणि कामाची ओळ हा एक गट. मालकाचं नाव आणि हुद्दा दुसरा. पत्ता तिसरा. फोन, ईमेल चौथा. जीएसटी पाचवा. वरचं देवाचं नाव वेगळं.

हे कशाला, तर कार्ड हे पुस्तकाचं पान नाही. आपलं उदाहरणाचं कार्ड डावीकडून उजवीकडे ओळीओळीने वाचत गेलात, तर मजकूर असा निघेल:

```
॥ श्री गणेश प्रसन्न ॥ मो. 98XXX XXX12 / 13
namuna अ. ब. क.
ELECTRICALS प्रो. प्रा.
```

म्हणजे गणपतीला मोबाइल नंबर लागला आणि मालकाचं नाव लोगोला चिकटलं. दोन स्तंभांच्या कार्डात ही चूक सर्रास होते, आणि ज्याने मूळ कार्ड पाहिलेलं नाही त्याला ती नंतर सुधारता येत नाही.

कोणती ओळ कोणत्या गटातली हे कळत नसेल तर तीन गोष्टी पाहा: फॉन्ट, रंग आणि मधलं अंतर. एकाच फॉन्टमध्ये आणि रंगात असलेल्या शेजारच्या ओळी बहुधा एका गटातल्या. पण अंतर खोटं बोलू शकतं. जागा उरली नाही म्हणून छापणाऱ्याने पिनकोड पुढच्या कोपऱ्यात ढकललेला असतो. दोन भागीदारांची नावं आणि दोन मोबाइल असतील तर विशेष जपा: कोणता नंबर कोणाचा हे कार्डावर स्पष्ट नसेल, तर तुम्ही जोड्या लावू नका. नावं एकत्र लिहा, नंबर एकत्र लिहा, आणि मालकालाच विचारा.

## ४. बारीक ओळी आधी

सुरुवात जीएसटी क्रमांकापासून करा. तो सगळ्यात कंटाळवाणा दिसतो, पण कार्डावरची स्वतःची तपासणी स्वतः करू देणारी ओळ हीच आहे. त्यात १५ अक्षरं-आकडे असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्र `27`, गोवा `30`. पुढची दहा म्हणजे पॅन: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. तेराव्या जागी त्या पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते, चौदाव्या जागी दुकानांच्या क्रमांकात `Z`, आणि पंधरावं तपासणीचं.

आपल्या कार्डावरची उभी ओळ एखाद्याने घाईत अशी वाचली समजा:

```
Z7A8CDE1Z34FIZO
```

आता जागा मोजा. पहिली जागा आकड्याची, म्हणून `Z` नव्हे, `2`. चौथी जागा पॅनमधल्या अक्षराची, म्हणून `8` नव्हे, `B`. नववी आकड्याची, तिथेही `2`. तेरावी जागा थोडी फसवी आहे, कारण तिथे आकडा किंवा अक्षर दोन्ही चालतं. मात्र पहिल्या नोंदणीला `1` असतो आणि बहुसंख्य दुकानांचा तोच असतो. `I` वाचलात तर पुन्हा भिंग लावा. पंधराव्या जागी शून्य की `O`, हे जागेवरून ठरत नाही, पण ते आधीच्या चौदांवरून हिशेबाने निघतं. या उदाहरणात हिशेब शून्य देतो. म्हणजे खरी ओळ अशी:

```
27ABCDE1234F1Z0
```

हिशेब हाताने करत बसायची गरज नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर `Search Taxpayer` मध्ये क्रमांक टाकला की तो बरोबर असल्यास नोंदणीचं कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव समोर येतं. लॉगिन लागत नाही. तिथलं व्यापारी नाव कागदावर टिपून ठेवा, लोगो वाचताना ते कामाला येईल. (आमचा नमुना टाकून पाहू नका. पॅनच्या चौथ्या जागी धारकाचा प्रकार असतो: व्यक्तीला `P`, भागीदारीला `F`, कंपनीला `C`. तिथे `D` कोणालाच मिळत नाही, म्हणूनच तो निवडलाय.)

मग पत्ता. पिनकोड सहा आकडी, महाराष्ट्रातले ४० ते ४४ ने सुरू होतात. गोव्याचे ४०३ ने. सांगली ४१६ ४१६. पत्त्यात गाव सांगली आणि पिन ४११ ने सुरू होणारा वाचलात, तर तो पुण्याकडचा आहे, तेव्हा पुन्हा पाहा. बारीक मराठी छपाईत `१` आणि `९`, तसंच `३` आणि `६` एकमेकांत मिसळतात. आकडे मराठीत छापले असतील तर मराठीतच उतरवा. आपल्या कार्डावर पत्ता मराठी आकड्यांत आहे आणि फोन इंग्रजी आकड्यांत. तसंच ठेवायचं, एकसारखं करायला जायचं नाही.

फोनच्या ओळीत आकडे मोजणं हीच तपासणी. मोबाइल दहा आकडी आणि ६ ते ९ पैकी एकाने सुरू. लँडलाइनचा एसटीडी कोड, पुढचं शून्य सोडून, आणि नंबर मिळून दहा आकडे: सांगलीचा `0233` आणि पुढे सात, मुंबईचा `022` आणि पुढे आठ. जुन्या कार्डावर पुण्याचा नंबर सहा-सात आकडी दिसला तर तो तसाच लिहा आणि बाजूला टीप ठेवा. आपण वाढीव आकडा जोडायचा नाही.

`98XXX XXX12 / 13` असं छापलेलं असतं त्याचा अर्थ दुसरा नंबर `13` ने संपतो, बाकी पहिल्यासारखा. नक्कल करताना ही तिरकी रेघ जशीच्या तशी ठेवा. फोडून दोन पूर्ण नंबर करायचे ते संपर्काच्या यादीत.

या बारीक ओळींत ईमेल शेवटी वाचा, कारण तिथे प्रत्येक ठिपका मोजला जातो. छापणारे ईमेलखाली रेघ मारतात आणि त्या रेघेत अंडरस्कोर बुडून जातो. आपल्या कार्डावर `namuna` आणि `electricals` यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा दिसते, खाली रेघ. ईमेलमध्ये मोकळी जागा असूच शकत नाही. म्हणजे तिथे अंडरस्कोर आहे. `rn` आणि `m`, `l` आणि `1` हे दुसरे नेहमीचे फसवे. ईमेल दोन ओळींत तुटला असेल आणि पहिल्या ओळीच्या टोकाला छोटी आडवी रेघ असेल, तर ती पत्त्यातली की तोडण्यासाठी छापलेली, हे नजरेने ठरत नाही. तिथे `[?]` लावा.

## ५. मधल्या ओळी आणि त्यांचे फॉन्ट

आता नाव, हुद्दा आणि मराठी मजकूर. इथे फॉन्टचा एक उपयोग आहे जो फारसा कोणी करत नाही. एखादं अक्षर कळत नसेल तर त्याच फॉन्टमधल्या दुसऱ्या ओळीत तेच अक्षर शोधा आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळ्या पद्धतीने फसवतात. एकात 'घ' चं डोकं पूर्ण झाकलेलं, दुसऱ्यात किंचित उघडं. पत्त्यातल्या 'समोर' मधला 'म' ओळखीचा झाला की त्याच ओळीतला 'भ' आपोआप वेगळा दिसतो. पण तुलना एकाच फॉन्टमध्ये करा. ठळक नावातला 'ध' पाहून बारीक पत्त्यातला ओळखायला गेलात तर फसाल.

अनुस्वार ही बारीक छपाईतली खरी अडचण आहे. तो शाईत बुडतो किंवा कागदावरचा ठिपकाच अनुस्वार वाटतो. मूळ कार्डावर भिंगाखाली नखाने हलकेच खरवडून पाहा. धूळ असेल तर निघते.

मराठी टाइप करताना तीन ठिकाणी दिसायला बरोबर पण आतून चुकीचं लिहिलं जातं. 'ॲड.' किंवा 'ॲग्रो' मधला ॲ हे युनिकोडमध्ये एकच अक्षर आहे. काही कीबोर्डवर लोक `अ` लिहून वर चंद्र लावतात. दिसतं सारखंच, पण सूचीत शोधताना एक सापडतं आणि दुसरं सापडत नाही. दुसरं, 'व्यापाऱ्यांसाठी' मधला अर्धा ऱ, जो ऱ + हलन्त + य असा लिहायचा. साधा र आणि हलन्त लिहिलात तर 'व्यापार्यांसाठी' असा रफार येतो आणि शब्द भलताच होतो. तिसरं, देवाच्या नावाभोवतीचे दुहेरी दंड. ते `॥` हे एक चिन्ह आहे. इंग्रजी कीबोर्डवरच्या दोन उभ्या रेघा नव्हेत.

कधी मालक कौतुकाने सांगतो, "छापणाऱ्याकडची पीडीएफ आहे, त्यातून कॉपी करा." मराठी कार्डं अजूनही पुष्कळ ठिकाणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बनतात. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. म्हणून कॉपी करून चिकटवलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा भुसा मिळतो. त्यापेक्षा पीडीएफ मोठी करून डोळ्याने वाचा आणि टाइप करा. त्या फाइलचा खरा फायदा तोच आहे: कितीही मोठी केली तरी अक्षर फुटत नाही.

## ६. लोगो शेवटी

आपल्या लोगोत पहिलं अक्षर, मग `a`, मग सलग सात उभ्या रेघा आणि शेवटी दिव्याचं चित्र. जोडून लिहिलेल्या इंग्रजीत `n` आणि `u` च्या दोन-दोन रेघा, `m` च्या तीन. सात रेघा म्हणजे `mun` असू शकेल, `num` असू शकेल, `unm` सुद्धा. नुसता लोगो पाहून यातलं खरं कोणतं हे सांगताच येत नाही.

पण आता तुमच्याकडे ईमेलमधलं `namuna` आहे, ठळक मराठीतलं 'नमुना' आहे, आणि जीएसटीच्या नोंदीतलं व्यापारी नाव आहे. तिन्ही साध्या, सरळ अक्षरांत. ती समोर ठेवून लोगोकडे पाहा. सात रेघा `m`, `u`, `n` अशा सुट्या होतात आणि दिवा हा `a` आहे हे कळतं. बारीक ओळी आधी घेण्याचं कारण एवढंच.

लोगोतलं चित्र अक्षराच्या जागी असेल तर अक्षर लिहा. `[दिवा]` असं मध्येच घालून नाव तोडू नका. चित्र नुसतं शेजारी असेल, अक्षराचं काम करत नसेल, तर ते सोडून द्या किंवा गरज असेल तर कंसात एकदा नोंदवा. `A` ची आडवी रेघ काढून टाकायची फॅशन आहे. ते `A` च असतं, ग्रीक अक्षर शोधून चिकटवू नका. लांब लांब सोडलेल्या `E L E C T R I C A L S` मध्ये मोकळ्या जागा टाइप करायच्या नाहीत. ती सजावट आहे, शब्द एकच आहे. लहान-मोठी लिपी मात्र ठेवा. लोगोत `namuna` सगळं लहान लिपीत असेल तर पहिलं अक्षर कॅपिटल करू नका.

एक इशारा. ईमेल आणि लोगो जुळत नसतील तर जबरदस्तीने जुळवू नका. ईमेल मुलाच्या नावाचा असतो, जीएसटी वडिलांच्या जुन्या फर्मचा असतो, आणि लोगो कालपरवा बनवलेला असतो. लोगोचा खुलासा बाकीच्या ओळींतून होत नसेल तर दिसतंय तेवढं लिहा, बाकी `[?]`.

## ७. आता क्रम लावा

तुकडे तयार आहेत. मांडायचे ते असे: वरचं देवाचं नाव, दुकानाच्या नावाचा पूर्ण गट, माणूस आणि हुद्दा, पत्ता, फोन व ईमेल, शेवटी नोंदणी क्रमांक. गटांमध्ये एक ओळ मोकळी. गटाच्या आत मात्र कार्डावरचाच वरून खालचा क्रम. तिथे स्वतःची अक्कल चालवू नका. हुद्दा नावाच्या वर छापला असेल तर वरच.

```
[पुढची बाजू]
॥ श्री गणेश प्रसन्न ॥

namuna
ELECTRICALS
नमुना इलेक्ट्रिकल्स
मोटार रिवायंडींग व पंप दुरूस्ती

अ. ब. क.
प्रो. प्रा.

शॉप नं. ३, एस. टी. स्टँडसमोर,
सांगली - ४१६ ४१६.

मो. 98XXX XXX12 / 13
[फोन] (0233) 2XXXXXX
[ईमेल] namuna_electricals@example.com

GSTIN: 27ABCDE1234F1Z0
```

मोबाइल कार्डावर उजव्या कोपऱ्यात सगळ्यात वर होता, तो इथे खाली आला. काही जण यावर वाद घालतात की वर होता तर वरच हवा. माझं म्हणणं, कोपऱ्यात तो ठसठशीत दिसावा म्हणून टाकलेला असतो, देवाच्या नावानंतर वाचावा म्हणून नव्हे. मात्र तुमच्या मंडळाने दुसरा क्रम ठरवला असेल तर तो पाळा. सगळ्या कार्डांना एकच क्रम असणं जास्त गरजेचं.

## ८. मागची बाजू

`[मागची बाजू]` असं लिहून स्वतंत्र सुरू करा. पुढच्या मजकुरात मिसळू नका. पाठीमागे तोच मजकूर इंग्रजीत असेल तरी पूर्ण उतरवा, कारण दोन बाजूंच्या फोन नंबरांत फरक सापडतो. फरक सापडला तर दोन्ही ठेवा. क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करून आतला मजकूर नकलेत घालू नका. तो कार्डावर छापलेला मजकूर नाही, आणि पैसे घेण्याचा कोड असेल तर तर नकोच.

पेनने खोडून वर लिहिलेला नंबर असेल तर छापील नंबर लिहा आणि पुढे `[हाताने बदललेला: नवा नंबर]` असं.

## ९. एक्सेलमध्ये नेताना आणि मालकाला फोन करताना

यादीसाठी एक्सेलमध्ये नेत असाल तर डेटा चिकटवण्याआधी सगळे रकाने 'टेक्स्ट' करा. नाहीतर `0233` मधलं पुढचं शून्य गळतं, आणि वेळेच्या रकान्यात `10-8` टाकलंत की तिथे तारीख उगवते. कार्डावर सोळा आकडी बँक खातं असेल तर ते आणखी वाईट: एक्सेल पंधरा आकड्यांपुढे शून्य भरतं आणि काही सांगत नाही.

तपासताना तुम्ही टाइप केलेलं स्वतःच वाचू नका. दुसऱ्याने कार्डावरून मोठ्याने वाचावं आणि तुम्ही स्क्रीनवर पाहावं. फोन नंबर दोनदा: एकदा सरळ, एकदा शेवटच्या आकड्यापासून उलट. सरळ वाचताना कान पुढचा आकडा आधीच ऐकून ठेवतो, उलट वाचताना ती सोय राहत नाही.

मग `[?]` शोधा आणि फक्त तेवढ्याच जागांसाठी मालकाला फोन करा. "तुमचं कार्ड पुन्हा सांगा" म्हटलं की दुकानात गिऱ्हाईक असलेला माणूस वैतागतो. नेमकं विचारा: "काका, ईमेलमध्ये नमुना आणि इलेक्ट्रिकल्सच्या मधे खाली रेघ आहे की टिंब?" ईमेल तोंडी घेऊ नका, त्यांना तुमच्या पत्त्यावर एक कोरा मेल पाठवायला सांगा, पाठवणाऱ्याचा पत्ता तिथे आपोआप बरोबर येतो. मोबाइलची खात्री करायची तर त्या नंबरवरून एक मिस्ड कॉल मागा. आणि फोनवर ते म्हणाले, "तो नंबर आता बंद आहे, दुसरा घ्या," तर नवा नंबर यादीत टाका. कार्डाची नक्कल आहे तशीच राहू द्या.